‘पत्ता अपूर्ण आहे’ सांगणारा मेसेज, खोटी ईमेल आणि लिंक दाबून झाल्यावर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऐरोलीतल्या एका कंपनीचे मेल सर्व्हर सांभाळणं हे माझं काम. सोसायटीत मात्र मी नुसता ‘मोबाइलवाला’. रविवारी सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला गेटवर उतरलो की कुणी ना कुणी फोन पुढे करतंच, ‘हे बघ रे जरा, खरं आहे का?’ त्यातले जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात ते इथे एकत्र केले आहेत. लिंक आधीच दाबली असेल तर वरचं सगळं सोडून सरळ ‘फक्त लिंक उघडली’ या प्रश्नापासून वाचा.

## कुरिअरचा मेसेज खोटा आहे हे ओळखायचं कसं?

सध्या सगळ्यात जास्त फिरणाऱ्या मेसेजचा मजकूर साधारण असा असतो: तुमचं पार्सल गोदामात पोचलं आहे, दोनदा प्रयत्न केला पण पत्ता अपूर्ण असल्याने देता आलं नाही, 24 किंवा 48 तासांत खालच्या लिंकवर पत्ता दुरुस्त करा, नाहीतर पार्सल परत जाईल. बहुतेकदा तो भारतीय डाकच्या नावाने येतो, कधी एखाद्या खाजगी कुरिअरच्या.

नवी मुंबईत हा मेसेज चटकन पटतो, कारण आपले पत्तेच तसे आहेत. सेक्टर 5 ऐरोलीतही आहे, घणसोलीतही आणि वाशीतही. प्लॉट नंबर सुटला की डिलिव्हरीवाला खरोखरच भलत्या गेटवर जातो. त्यामुळे ‘पत्ता अपूर्ण’ वाचल्यावर आपल्याला संशय येत नाही. ‘हो, गेल्या वेळीही असंच झालं होतं’ असंच आपण म्हणतो.

म्हणून मेसेजमध्ये काय आहे यापेक्षा काय नाही ते बघा. त्यात तुमचं नाव नसतं, पाठवणाऱ्याचं नसतं आणि मुख्य म्हणजे पार्सलचा नंबर नसतो. स्पीड पोस्टचा नंबर 13 अक्षरांचा असतो: आधी दोन इंग्रजी अक्षरं, त्यातलं पहिलं E, मग नऊ आकडे आणि शेवटी IN. मेसेजात हा नंबर नसेल तर तो मेसेज कुठल्याच पार्सलबद्दलचा नाही. नंबर असलाच, तरी मेसेजमधली लिंक दाबायची नाही. `indiapost.gov.in` स्वतः टाइप करून तिथे नंबर घालायचा. आणि पत्ता सापडत नसेल तर खरा डिलिव्हरीवाला काय करतो हे आपल्याला माहीतच आहे. तो फोन करतो आणि विचारतो, ‘मॅडम, गेटवर आलोय, कुठली विंग?’

## मेसेज कुणाकडून आला यावरून काही कळतं का?

बरंच कळतं. भारतात कंपन्यांना ग्राहकांना एसएमएस पाठवायचा असेल तर पाठवणाऱ्याचं नाव, म्हणजे हेडर, आधी नोंदवावं लागतं. म्हणून बँकेचा मेसेज दहा आकडी नंबरवरून येत नाही. तो आधी दोन अक्षरं, मग डॅश, मग बँकेचं छोटं नाव अशा रूपात येतो. 2025 पासून त्या नावाच्या शेवटी आणखी एक अक्षर लागतं: जाहिरातीला P, सेवेच्या मेसेजला S, व्यवहाराच्या मेसेजला T आणि सरकारी मेसेजला G. शिवाय 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा एसएमएसमध्ये टाकायची लिंकही आधी नोंदवलेली असावी लागते, नाहीतर दूरसंचार कंपनीने तो मेसेज पुढे जाऊच द्यायचा नसतो.

ही चाळणी फक्त साध्या एसएमएसला आहे. म्हणून भामटे आयफोनचा आयमेसेज, अँड्रॉइडवरचं आरसीएस किंवा व्हॉट्सॲप वापरतात. हे सगळं इंटरनेटवरून येतं आणि चाळणीला वळसा घालून जातं. मेसेज परदेशी कोडच्या नंबरवरून आला असेल, किंवा पाठवणाऱ्याच्या जागी एखादा विचित्र ईमेल पत्ता दिसत असेल, तर तो वाचायचेही कष्ट घेऊ नका.

उलट बाजूने मात्र खात्री धरू नका. नोंदणीकृत हेडरचाही गैरवापर झालेला आहे. हेडर नीट असला तरी पुढचा प्रश्न उरतोच: लिंक कुठे नेते?

## आयफोनवर ‘आधी Y पाठवा, मग मेसेज पुन्हा उघडा’ असं का लिहिलेलं असतं?

अनोळखी माणसाने आयमेसेजवर पाठवलेली लिंक आयफोन मुद्दाम दाबू देत नाही. तुम्ही एकदा उत्तर दिलंत की फोन समजतो, ही ओळखीची व्यक्ती आहे, आणि लिंक चालू होते. म्हणजे दाराला घातलेली कडी ते तुमच्याच हाताने काढवून घेतात. हे वाक्य दिसलं की बाकी काही तपासायची गरज नाही.

## लिंक नेमकी कशी वाचायची?

बहुतेक जण लिंक डावीकडून वाचतात आणि ओळखीचं नाव दिसलं की थांबतात. वाचायची उलटी. `https://` नंतर जी पहिली तिरकी रेघ येते, तिथून डावीकडे या. रेघेला चिकटून असलेले शेवटचे तुकडे म्हणजे साइटचा खरा मालक. त्यांच्या डावीकडे मालक वाटेल ते लिहू शकतो.

```
https://indiapost.gov.in.patta-update.example/in
https://www.indiapost.gov.in/
```

पहिल्या ओळीत indiapost.gov.in ही अक्षरं आहेत, पण मालक `patta-update.example` आहे. मी इथे मुद्दाम बनावट शेवट घातला आहे. खऱ्या फसव्या लिंकमध्ये त्या जागी `.top`, `.cc`, `.vip`, `.xyz` असले स्वस्तातले शेवट दिसतात. दुसऱ्या ओळीत तिरक्या रेघेच्या लगेच आधी `gov.in` आहे, आणि ते सरकारी संस्थेखेरीज कुणाला मिळत नाही.

बँकांच्या बाबतीत आता एक सोय झाली आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाने बँकांना 31 ऑक्टोबर 2025 पर्यंत आपल्या साइट `.bank.in` या शेवटावर न्यायला सांगितलं होतं, आणि तो शेवट फक्त बँकांनाच दिला जातो. नेट बँकिंगचं पान उघडल्यावर तेवढं बघायची सवय लावा.

कुलपाच्या चित्रावर विसंबू नका. ते एवढंच सांगतं की तुमच्या फोनपासून त्या साइटपर्यंतचा रस्ता बंदिस्त आहे. रस्त्याच्या टोकाला कोण बसलंय याबद्दल ते गप्प असतं, आणि भामट्यालाही ते फुकट मिळतं.

## ती लिंक लॅपटॉपवर उघडून बघितली, पान कोरं आलं. म्हणजे आता धोका नाही ना?

मुलगा इंजिनिअर असलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो. अशी बरीच पानं मुद्दाम फक्त मोबाइलवर उघडतील अशी बांधलेली असतात. लॅपटॉपवरून आलेल्या पाहुण्याला ती कोरं पान किंवा ‘सापडलं नाही’ असं दाखवतात, म्हणजे तपासणाऱ्यांच्या नजरेतून सुटतात. तेच पान काकांच्या फोनवर झकास उघडतं, डाकेच्या बोधचिन्हासकट. कोऱ्या पानावरून काहीही ठरवू नका.

## मी फक्त लिंक उघडली, काही भरलं नाही. आता?

बहुतेक वेळा काही झालेलं नसतं. फोन अद्ययावत असेल तर नुसतं पान उघडल्याने बँक खातं रिकामं होत नाही. पानाच्या मालकाला एवढं कळलं की हा नंबर चालू आहे आणि इथला माणूस लिंक दाबतो. त्यामुळे पुढचे काही दिवस असे मेसेज जास्त येतील.

पान बंद करा. काही फाइल उतरली आहे का ते `Downloads` मध्ये बघा. `.apk` अशा शेवटाची फाइल असेल तर न उघडता काढून टाका. त्या पानाने नोटिफिकेशनची परवानगी मागितली होती आणि तुम्ही दिली असेल तर ब्राउझरच्या सेटिंगमधून ती काढा, नाहीतर ‘फोनमध्ये व्हायरस आहे’ असल्या पाट्या येत राहतील. फोनचं अपडेट अडकून पडलं असेल तर तेही करून घ्या. एवढं पुरे. घाबरून सगळे पासवर्ड बदलत बसायची गरज नाही.

## फक्त 25 रुपयेच तर मागत होते. तेवढ्यासाठी कोण फसवेल?

आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचाही हाच युक्तिवाद होता. त्यांची हकिगत सगळी सांगतो, कारण हा खेळ कसा चालतो ते तिच्यात नीट दिसतं.

काकूंच्या बहिणीने सांगलीहून भाजणी आणि गोडा मसाला पाठवला होता. पार्सलची वाट बघणं चालूच होतं, त्यात संध्याकाळी पावणेसातला ‘पत्ता अपूर्ण’ मेसेज आला. लिंक उघडली. लाल-पिवळ्या रंगाचं पान, नाव, फ्लॅट नंबर, पिनकोड 400708, मोबाइल नंबर. हे सगळं भरल्यावर पुढच्या पानावर ‘पुन्हा डिलिव्हरीचं शुल्क 25 रुपये’, आणि त्याखाली कार्डाचा नंबर, मुदत आणि मागचे तीन आकडे. यूपीआयचा पर्याय नव्हता. काकूंना ते जरा खटकलं होतं, पण भाजणी डोळ्यांसमोर होती.

कार्डाचे तपशील भरल्यावर पान जवळपास मिनिटभर नुसतं फिरत राहिलं. त्या मिनिटात पलीकडे बसलेला माणूस काकूंचं कार्ड एका खऱ्याखुऱ्या खरेदीच्या साइटवर भरत होता. तिथे त्याने 38,900 रुपयांची खरेदी केली, आणि बँकेने काकूंच्या फोनवर ओटीपी पाठवला.

आता इथे बघा. बँकेच्या त्या एसएमएसमध्ये रक्कम आणि दुकानाचं नाव लिहिलेलं होतं. काकूंनी मेसेज उघडलाच नाही, कारण उघडायची गरजच पडली नाही. कीबोर्डच्या वर सहा आकडे आपोआप आले, त्यांनी त्यावर बोट ठेवलं आणि ओटीपी भरला गेला. ही सोय फार मोठी गैरसोय आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय, ओटीपी वरून उचलायचा नाही, मेसेज उघडून रक्कम वाचायची आणि मगच आकडे हाताने टाकायचे. 25 रुपयांसाठी आलेल्या ओटीपीत 38,900 दिसले असते तर प्रकरण तिथेच थांबलं असतं.

पानावर लाल अक्षरात आलं, ‘ओटीपी चुकीचा, नवा पाठवला आहे.’ काकूंनी दुसराही भरला. हा दुसरा 9,500 रुपयांचा होता, एका वॉलेटमध्ये पैसे भरण्यासाठीचा. पहिला ओटीपी अगदी बरोबरच होता. ‘चुकीचा’ हा शब्द दुसरा काढून घेण्यासाठी होता.

पैसे वजा झाल्याचे दोन मेसेज आले तेव्हा त्या खाली माझ्याकडे आल्या. सव्वासात वाजले होते. बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद केलं, बँकेला फोन केला, 1930 ला केला. वॉलेटमधले 9,500 अजून पुढे गेले नव्हते, ते तिथेच रोखले गेले आणि काही महिन्यांनी परत मिळाले. 38,900 चे गिफ्ट व्हाउचर घेतले गेले होते आणि फोन लागेपर्यंत ते वापरूनही झाले होते. ते गेले ते गेलेच.

बहिणीने पोस्टाच्या पावतीचा फोटो दोन दिवस आधीच व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यावर पार्सलचा 13 अक्षरी नंबर छापलेला होता.

## कार्डाचा नंबर टाइप केला, पण ‘पे’चं बटण दाबलं नाही. वाचलो का?

वाचलात असं धरू नका. अशा पानांमागचे काही सांगाडे तुम्ही टाइप करता करताच एकेक आकडा पलीकडे पाठवतात, बटण हा केवळ देखावा असतो. आकडे टाइप केले म्हणजे दिले असं समजा आणि कार्ड बदलून घ्या. नव्या कार्डाचा खर्च आणि चार दिवसांची अडचण, एवढ्यावर भागतं.

‘ओटीपी तर दिला नाही’ हेही पूर्ण खरं समाधान नाही. परदेशी साइटवर बऱ्याचदा ओटीपीशिवाय कार्ड चालतं. म्हणून बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशी वापर बंद आहे का ते आजच बघा. परदेशी आणि ऑनलाइन वापराची ही वेगवेगळी बटणं देणं रिझर्व्ह बँकेने 2020 पासून बँकांना बंधनकारक केलं आहे. वापर नसेल तेव्हा दोन्ही बंद ठेवायला काहीच हरकत नाही.

## कार्ड आणि ओटीपी दोन्ही देऊन बसलोय. कोणत्या क्रमाने काय करू?

पहिल्यांदा बँकेच्या ॲपमधून कार्ड बंद करा, कारण त्याला अर्धं मिनिट लागतं आणि फोनवर ‘तुमचा कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ ऐकत पाच मिनिटं जातात. मग बँकेला फोन करा. नंबर कार्डाच्या मागे असतो. गूगलवर शोधू नका, ग्राहक सेवेचे खोटे नंबर तिथेही पेरलेले असतात. कार्ड कायमचं रद्द करायला सांगा, तात्पुरतं नको. कारण एखादा ओटीपी खरेदीचा नसून तुमचं कार्ड दुसऱ्याच्या फोनमध्ये किंवा दुकानाच्या साइटवर साठवण्यासाठीचा असू शकतो, आणि ते काही दिवसांनी वापरलं जातं. फोन ठेवण्याआधी तक्रार क्रमांक घ्या आणि वेळ लिहून ठेवा. हे का, ते पुढच्या प्रश्नात येतंच आहे.

पैसे गेले असतील तर लगेच 1930. घरात दोघं असाल तर एकाने बँकेला आणि दुसऱ्याने 1930 ला एकाच वेळी लावा. ही केंद्रीय गृह मंत्रालयाच्या यंत्रणेची हेल्पलाइन आहे. ती तुमची तक्रार पैसे ज्या बँकेत किंवा वॉलेटमध्ये गेले तिथपर्यंत पोचवते, आणि पैसे तिथे शिल्लक असतील तर रोखून धरले जातात. भामटे पैसे खात्यामागून खात्यात पळवतात, म्हणून इथे मिनिटांचा हिशेब असतो. फोन लागत नसेल तर वाट बघत बसू नका, `cybercrime.gov.in` वर स्वतः तक्रार भरा.

फोनवर विचारतात ते हाताशी ठेवा: बँकेचं नाव, खात्याचा किंवा कार्डाचा नंबर, प्रत्येक व्यवहाराची तारीख, रक्कम आणि व्यवहार क्रमांक. यूपीआयचा असेल तर 12 आकडी क्रमांक लागतो, तो ॲपमध्ये व्यवहारावर बोट ठेवलं की दिसतो. पिन, पासवर्ड किंवा ओटीपी 1930 वाले विचारत नाहीत. फोनवर तक्रार घेतल्यावर पोचक्रमांकाचा मेसेज येतो. तो वापरून 24 तासांत त्याच साइटवर तक्रार पूर्ण भरायची असते. हे बरेच जण विसरतात आणि मग ‘फोन केला होता पण काही झालं नाही’ म्हणतात.

## पैसे परत मिळतात का? बँक म्हणते, ओटीपी तुम्हीच दिलात.

बँक तसं म्हणणार, आणि नियमात तिला आधारही आहे. रिझर्व्ह बँकेचं 6 जुलै 2017 चं परिपत्रक यासाठी वाचण्यासारखं आहे. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, मधल्याच कुठल्या तरी यंत्रणेतून व्यवहार झाला, आणि तुम्ही 3 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत, तर तुमची जबाबदारी शून्य. 4 ते 7 कामकाजाच्या दिवसांत कळवलंत तर ठरावीक मर्यादेपर्यंत तुमची. पण ओटीपी स्वतः दिला असेल तर ती ग्राहकाची निष्काळजी धरली जाते, आणि कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं.

‘कळवेपर्यंतचं’ हा शब्द महत्त्वाचा. बँकेला कळवल्यानंतर त्याच कार्डावरून किंवा खात्यातून पैसे गेले तर ते नुकसान बँकेचं, ओटीपी तुम्ही दिलेला असला तरीही. म्हणून तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवायची. 7:16 ला तक्रार आणि 7:21 ला तिसरा व्यवहार, एवढ्यावर अख्खं प्रकरण उलटू शकतं. ग्राहक जबाबदार आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारीही याच परिपत्रकाने बँकेवर टाकलेली आहे. म्हणून बँकेचं तोंडी ‘नाही’ घेऊन परत येऊ नका, लेखी मागा.

## कुरिअरचं ॲप म्हणून काहीतरी इन्स्टॉल केलं. काय करू?

हे कार्डापेक्षा वाईट. व्हॉट्सॲपवर आलेली `.apk` फाइल इन्स्टॉल करून तिला एसएमएसची परवानगी दिलीत की तुमचे ओटीपी थेट पलीकडे जातात, तुम्हाला विचारायचीही गरज उरत नाही. लग्नपत्रिका, वाहतुकीचं चलन, कुरिअर, वेष्टन बदलतं आणि आतला माल तोच.

आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका आणि वायफाय बंद आहे ना ते बघा. बँकेला आणि 1930 ला फोन घरातल्या दुसऱ्या मोबाइलवरून करा. या फोनवर बँकेचं ॲप उघडू नका, पासवर्ड बदलायलासुद्धा नाही, कारण नवा पासवर्डही त्यांना दिसू शकतो. मग ते ॲप काढा. निघत नसेल तर त्याने स्वतःला जास्तीचे अधिकार घेतलेले असतात. सेटिंगमध्ये `Device admin apps` आणि `Accessibility` असं शोधा, तिथे त्याचं नाव बंद करा आणि मग काढा. काही ॲप आपलं चित्र लपवतात, म्हणून होम स्क्रीनवर न शोधता सेटिंगमधली ॲपची पूर्ण यादी बघा.

तरी शंका राहिली तर फोन फॅक्टरी रीसेट करावा. फोटो आणि कॉन्टॅक्ट आधी काढून घ्या, पण उतरवलेल्या फाइल परत आणू नका. मी स्वतः शंकेला जागाच ठेवत नाही, रीसेट करतो.

## डिलिव्हरीवाला फोनवर एक कोड डायल करायला सांगतो, तो कशाचा?

‘तुमचं पार्सल अडकलंय, हा नंबर लावा, आमचा मुलगा बोलेल’ असं सांगून `**21*` किंवा `*401*` ने सुरू होणारा आणि पुढे दहा आकडी मोबाइल नंबर असलेला कोड लावायला सांगतात. तो लावला की तुमचे येणारे कॉल त्यांच्या नंबरवर वळतात. मग फोन कॉलवर सांगितला जाणारा ओटीपी तेच ऐकतात आणि तुमचं व्हॉट्सॲप त्यांच्या ताब्यात जातं. चुकून लावलाच तर लगेच हा लावा:

```
##002#
```

याने सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द होतं. मग व्हॉट्सॲपमध्ये `Linked devices` उघडून अनोळखी उपकरण असेल तर काढा.

## ईमेल खोटी आहे हे कसं कळेल?

पाठवणाऱ्याचं ठळक दिसणारं नाव वाचू नका, ते कुणीही काहीही लिहू शकतो. जीमेलच्या ॲपमध्ये नावाखालच्या `to me` शेजारच्या बाणावर बोट ठेवा, म्हणजे खरा पत्ता दिसतो. संगणकावर तिथेच `mailed-by` आणि `signed-by` अशा ओळी दिसतात. प्राप्तिकर खात्याची म्हणून आलेल्या मेलमध्ये `incometax.gov.in` च्या जागी भलतंच नाव असेल तर परताव्याचा आनंद तिथेच आवरा. पत्ता वाचताना सावकाश वाचा. r आणि n शेजारी आले की m सारखे दिसतात, आणि यावर भलेभले फसतात. माझ्याच कंपनीत एकदा हिशेब विभागातली ताई यावर फसता फसता राहिली.

जोडलेली फाइल `.html` अशा शेवटाची असेल तर उघडू नका. बिल म्हणून कुणी तशी फाइल पाठवत नाही. ती उघडली की लॉगिनचं पान दिसतं, पण वर पत्त्याच्या जागी `file://` असतं, म्हणजे ते पान तुमच्याच फोनमध्ये पडलेलं असतं आणि पासवर्ड बाहेर पाठवतं.

आणखी एक खूण फुकटात मिळते. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवलेला असेल आणि नेहमी आपोआप भरला जात असेल, पण आज भरला गेला नाही, तर थांबा. ब्राउझर पत्ता अक्षर न् अक्षर ताडून बघतो. चित्र हुबेहूब आहे म्हणून तो फसत नाही.

## ईमेलचा पासवर्ड देऊन टाकला. बदलला की झालं?

नाही, आणि इथेच बहुतेकांचं काम अर्धवट राहतं. दुसऱ्या विश्वासाच्या उपकरणावरून पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरत असाल तर तिथेही. मग `myaccount.google.com` वर तुमचं खातं कुठल्या उपकरणांवर उघडं आहे त्याची यादी बघा आणि अनोळखी असेल ते बाहेर काढा. पुन्हा खातं मिळवण्यासाठीचा फोन नंबर आणि मेल पत्ता तुमचाच आहे ना तेही तपासा.

त्यानंतर संगणकावर जीमेलच्या सेटिंगमध्ये `Filters and Blocked Addresses` आणि `Forwarding and POP/IMAP` ही दोन पानं उघडा. घुसलेला माणूस बऱ्याचदा तिथे एक नियम ठेवून जातो: ‘बँक’ किंवा ‘ओटीपी’ शब्द असलेली मेल माझ्याकडे पाठव आणि मूळ मेल कचऱ्यात टाक. पासवर्ड बदलला तरी तो नियम चालूच राहतो. तुम्ही केलेला नसेल असा प्रत्येक नियम काढून टाका आणि दोन टप्प्यांची पडताळणी सुरू करा.

## राहायला ऐरोलीत, नोकरी ठाण्यात. तक्रार कुठल्या पोलिसांकडे?

ठाणे आणि नवी मुंबई अशी दोन वेगळी पोलीस आयुक्तालयं आहेत, पण 1930 ला त्याने फरक पडत नाही, घरून करा वा ऑफिसातून. पोलीस ठाण्यात जायचं तर साधारणपणे आपण राहतो तिथल्या. ‘हे आमच्या हद्दीत नाही’ म्हणाले तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगा. गुन्हा कुठल्याही हद्दीतला असला तरी खबर नोंदवून घ्यावी लागते. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट, लिंक, बँकेचं स्टेटमेंट आणि 1930 चा पोचक्रमांक न्या.

पैसे गेले नसतील, नुसता मेसेज आला असेल, तर `sancharsaathi.gov.in` वरच्या चक्षू या सुविधेवर कळवा. म्हणून मेसेज लगेच डिलीट करू नका, आधी स्क्रीनशॉट घ्या ज्यात पाठवणाऱ्याचा नंबर आणि पूर्ण लिंक दिसेल.

## तक्रारीनंतर फोन आला, ‘तुमचे पैसे सोडवून देतो, फी भरा’. हा खरा का?

नाही. एकदा फसलेल्यांच्या याद्या पुढे विकल्या जातात, आणि त्यावर हा दुसरा धंदा चालतो. रोखून धरलेली रक्कम सोडवायला ना पोलीस फी घेतात, ना बँक, ना 1930. काकूंनाही दोन आठवड्यांनी असा फोन आला. पलीकडच्या माणसाला 38,900 हा आकडा तोंडपाठ होता, आणि तो सोडवायला त्याने आधी 25 रुपयेच मागितले.